मेथडिंग की मॅनेजरची खुर्ची?

प्रश्न: वय ३८. बेळगावात उद्यमबागच्या एका फौंड्रीत १४ वर्षं आहे, मेथडिंग, म्हणजे साच्यात धातू कसा भरायचा नि पुरवायचा ते ठरवणं, आणि मेटलर्जी बघतो. आमचे प्रॉडक्शन मॅनेजर दिवाळीनंतर निवृत्त होतायत आणि मालक म्हणतात, आता तूच घे. तीन पाळ्या, १६० माणसं, पगार साधारण ३० टक्क्यांनी वाढेल. नाही म्हटलं तर आयुष्यभर इथेच अडकून पडेन अशी भीती वाटते. हो म्हटलं तर हातचं काम सुटेल. कानडी बोलतो, पण वाचता येत नाही. काय करावं?

उत्तर:

माझं मत आधी सांगतो. तुम्ही मेथडिंगमध्येच राहा, पण आज आहात तसे नाही. राहायच्या अटी याच महिन्यात ठरवून घ्या, कारण मालकांना तुमची निकड आहे ती आत्ता. ती खुर्ची एकदा भरली की तुमच्या शब्दाला आजचं वजन राहणार नाही. अर्थात हे मत तुमच्या चार ओळींवरून बनलेलं आहे. ते तुम्हाला लागू पडतं की नाही हे तुम्हालाच तपासता येईल, आणि ते कसं तपासायचं हेच मुख्यतः लिहितो.

‘मला माणसांत रमायला आवडतं का’ असा प्रश्न स्वतःला विचारून काही हाती लागत नाही. चहाच्या टपरीवर सगळेच माणसांत रमतात. त्यापेक्षा गेल्या दोन-तीन वर्षांतलं रिजेक्शनचं एक मोठं प्रकरण काढा, ज्यात तुम्ही पहिल्या तक्रारीपासून होतात. फौंड्रीतल्या अशा प्रत्येक प्रकरणात दोन वेगवेगळी कामं असतात. एक, खोट कशामुळे येते ते शोधणं. दुसरं, सापडलेला उपाय रात्रपाळीत, तुमच्या पाठीमागे, सहा महिन्यांनंतरही पाळला जाईल अशी व्यवस्था लावणं. पहिलं काम स्पेशालिस्टचं, दुसरं मॅनेजरचं. बाहेरून दोन्ही एकच दिसतात, म्हणून घोटाळा होतो.

मी जवळून पाहिलेलं एक प्रकरण सांगतो. कारखान्याचं नाव नको. ट्रॅक्टरचा हब, एसजी आयर्न, म्हणजे ज्यात ग्रॅफाइट गोल गाठींच्या रूपात असतं ते ओतीव लोखंड, ४५०/१० ग्रेड, नगाचं वजन २६ किलो, महिन्याला सहा हजार नग. आपल्याकडे माल ठीक दिसायचा; गिऱ्हाइकाकडे बोअर मारला की आत श्रिंकेज, म्हणजे धातू गोठताना आकसून राहिलेली पोकळी, उघडी पडायची. शंभरातले आठ नग परत. तिथला मेथडिंगवाला तुमच्याच वयाचा. त्यानं आधी कुणालाही दोष दिला नाही. परत आलेले नग मागवले, आडवे कापले, आणि पोकळी नेमकी कुठे आहे ते प्रत्येकावर खडूनं लिहून हीट कोडप्रमाणे, म्हणजे भट्टीच्या कुठल्या घाण्यातले त्याप्रमाणे, जमिनीवर मांडले. खोट दर वेळी एकाच जागी असेल, कुठल्याही पाळीत तेवढीच येत असेल, तर मेथड चुकलेली असते. जागा हलत असेल, एका पाळीत जास्त आणि दुसरीत कमी असेल, तर मेथड ठीक असून चालवण्यात गडबड असते. इथे सरळ दोन ढीग पडले.

पहिल्या ढिगात पोकळी नेहमी एकाच ठिकाणी, फ्लँज आणि बॉस जिथे जुळतात तिथे. तो भाग जाड, म्हणजे सगळ्यात शेवटी गोठणारा, आणि त्याला धातू पुरवणाऱ्या रायझरची मान त्याच्या आधीच गोठायची. रायझरमध्ये धातू शिल्लक आणि कास्टिंग उपाशी. त्यानं मॉड्युलस काढला, म्हणजे त्या भागाचं आकारमान भागिले थंड होणारं क्षेत्रफळ, मान रुंद केली, रायझर जाड बाजूला सरकवला, समोरच्या अंगाला धातू लवकर गोठवणारी एक चिल बसवली. पॅटर्न प्लेट दुरुस्त झाली, ट्रायलचे बॉक्स, म्हणजे साचे, ओतले, पुन्हा कापून बघितले. आठ टक्क्यांचे पाच झाले. सगळं मिळून तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत हा माणूस घरी जेवायला वेळेवर गेला नाही आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नव्हती.

दुसरा ढीग बहुतेक रात्रपाळीचा होता, आणि त्यातही लेडलमधल्या शेवटच्या बॉक्सांचा. लेडल म्हणजे वितळलेला धातू न्यायचं भांडं, इथे अर्ध्या टनाचं; त्यातून पाच-सहा बॉक्स भरायचे. पहिल्या बॉक्समधल्या नगात उरलेलं मॅग्नेशियम ०.०४२ टक्के, शेवटच्यात ०.०३०. एसजीला ते साधारण ०.०३५ ते ०.०५० असावं लागतं. मॅग्नेशियम टाकल्यापासून दहा-बारा मिनिटांत ओतून संपवायचं असतं, हे तुम्हाला सांगायला नको. वेळ गेला की मॅग्नेशियम उतरतं, त्याच्याबरोबर गाठी वाढवणाऱ्या इनॉक्युलंटचाही जोर ओसरतो, ग्रॅफाइटच्या गाठी कमी पडतात, आणि ग्रॅफाइट फुगून जी पोकळी भरून निघायला हवी ती भरत नाही. म्हणजे मेथड सुधारूनही तिथे श्रिंकेज येणारच. त्यानं घड्याळ लावून बघितलं तर शेवटचा बॉक्स पंधराव्या-सोळाव्या मिनिटाला भरला जात होता. का, तर रात्री भट्टी ज्या वेळेला टॅप व्हायची, नेमक्या त्याच वेळेला मोल्डिंगची माणसं जेवायला बसायची. मॅग्नेशियम मारलेलं लेडल बॉक्सची वाट बघत उभं.

इथपर्यंत शोध उत्तम. त्यानं पाळीच्या सुपरवायझरला सांगितलं, सुपरवायझर ‘आयतु सर’ म्हणाला, चार रात्री सगळं ठीक चाललं आणि पाचव्या रात्री पुन्हा तेच. मग त्यानं बोर्डावर आलेख लावला, प्लांट हेडला मेल केली, आणि पुढच्या पॅटर्नकडे वळला. त्याच्या दृष्टीनं प्रकरण संपलं होतं. कारण सापडलं होतं ना!

उरलेलं काम केलं प्रॉडक्शन मॅनेजरनं. त्याला मॉड्युलस काढता येत नव्हता, पण त्यानं एक गोष्ट केली जी मेथडिंगवाल्याला सुचली नव्हती: ओतणाऱ्या माणसाला विचारलं, उशीर झाला तरी तू ओततोस का? तो म्हणाला, ‘तुम्ही बॉक्स मोजतासा, मी बॉक्स भरतो की ओ.’ त्या टोळीचा इन्सेंटिव्ह भरलेल्या बॉक्सवर होता आणि कंत्राटदाराचं बिलही. उशीर झालेला धातू पिगमध्ये, म्हणजे पुन्हा वितळवायच्या ठोकळ्यांत, ओतून टाकला तर त्याचे पैसे बुडणार, वर मॅग्नेशियम वाया घालवलं म्हणून शिव्या. मग तो ओतणारच. मॅनेजरनं जेवणाच्या वेळा पुढेमागे केल्या, हे सोपं होतं. अवघड होतं ते इन्सेंटिव्ह चांगल्या नगावर आणणं. कंत्राटदारानं दोन महिने वाद घातला, टोळीतल्या दोघांनी काम सोडलं, मालक म्हणाले कशाला छेडताय. तरी त्यानं ते करून घेतलं आणि ओतणाऱ्याला जाहीरपणे अधिकार दिला की बारा मिनिटं झाली की पिग कर, तुझा पगार कापला जाणार नाही. त्यानंतर रोज सकाळी तो लेडलच्या वेळांचा कागद बघत राहिला, सगळं सुरळीत असतानाही, कंटाळा येईपर्यंत आणि आल्यानंतरही. रिजेक्शन अडीच टक्क्यांवर आलं आणि तिथेच राहिलं.

आता तुमचं प्रकरण या मापानं बघा. तुम्ही कुठे थांबलात? थांबलात ते अधिकार नव्हता म्हणून, की ‘पुढचं त्यांचं काम’ म्हणून? अधिकार नसतानाही रात्री जाऊन उभे राहिलात, ओतणाऱ्याशी बोललात, सुपरवायझरची अडचण त्याच्या बाजूनं समजून घेतलीत, तर तुमच्यात मॅनेजर आहे आणि माझं वरचं मत तुम्ही खुशाल बाजूला ठेवा. उलट आलेख लावून हलके झाला असाल, तर ती खुर्ची तुम्हाला त्रास देईल, आणि तुमच्याइतकाच त्रास त्या १६० माणसांना होईल. एक तिसरी जातही असते, जिला ना कापलेल्या नगात रस ना ओतणाऱ्यात. तिला मीटिंगमधलं प्रेझेंटेशन आवडतं. ती माणसं वर जातात, पण आपण त्यांच्याबद्दल बोलत नाही आहोत.

तुमच्या पत्रात ‘हातचं काम सुटेल’ असं आहे. १६० माणसांबद्दल मात्र आकड्यापलीकडे एक शब्द नाही: कोण चांगला आहे, कुणाला पुढे आणायचंय, कुठली पाळी बिघडलेली आहे. ज्याला मॅनेजर व्हायचं असतं तो हे न विचारता सांगतो. माझं मत बनलं ते त्यावरून.

खात्री नसेल तर करून बघा, पण करून बघण्याचीही पद्धत असते. ‘तात्पुरता चार्ज’ म्हणून नुसतं बसवलं की तो कायमचाच होतो आणि मधल्या काळात मेथडिंग दुसऱ्याच्या टेबलावर जातं. म्हणून मालकांकडून दोन ओळी लिहून घ्या: तीन-चार महिन्यांचा प्रभारी चार्ज, त्यानंतर मूळ जागी परत यायची मुभा, पगारात घट न होता. काळ निवडायचा तर गणपतीच्या आधीपासून दिवाळीपर्यंतचा. निवृत्त होणारे साहेब तोपर्यंत जागेवर असतील, आणि आपल्याकडच्या मॅनेजरचं खरं काम त्याच दिवसांत दिसतं. चतुर्थीला खानापूरकडची आणि गावाकडची निम्मी माणसं रजेवर, बिहार-ओडिशाची माणसं दिवाळी आणि छटसाठी तिकिटं काढून बसलेली, बोनसची बोलणी सुरू, आणि गिऱ्हाइकाला सुट्टीच्या आधी माल हवा. पुढे ऊसतोडीचा हंगाम आणि सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा असतेच. हजेरीचा तक्ता हातात घेऊन सकाळी सहाला ‘आज मोल्डिंगला सातजण कमी’ ही ओळ वाचून तुमच्या पोटात गोळा येतो, की डोक्यात लगेच माणसांची फिरवाफिरव सुरू होते, हे बघा.

त्या काळात स्वतःवर एकच नजर ठेवा. खोट आली की तुमचा पहिला प्रश्न काय असतो? ‘कुठला बॉक्स, कुठली हीट’ असा असेल तर तुम्ही नव्या खुर्चीत बसून जुनंच काम करताय. आठवड्यातून दोनदा तुम्ही स्वतः सँड लॅबमध्ये जाऊन कॉम्पॅक्टिबिलिटी काढत असाल, पायरोमीटर हातात घेऊन लेडलपाशी उभे असाल, तर आजूबाजूला सगळे म्हणतील साहेब किती मेहनती. पण त्याचा अर्थ सुपरवायझर घडत नाहीत असा होतो. चांगल्या मॅनेजरच्या चौथ्या महिन्यात काही अडचणी त्याच्यापर्यंत न येताच सुटलेल्या असतात आणि त्याला त्या नंतर कळतात. तुम्हाला असं नंतर कळलं की बरं वाटतं, की आपल्याला विचारलं नाही म्हणून खटकतं? हे खटकणं फार बोलकं असतं.

कानडीचं तुम्ही शेवटी लिहिलंय, पण ते शेवटचं नाही. मेथडिंगमध्ये बोलता आलं की भागतं. ड्रॉइंग आणि स्पेक्ट्रोचा कागद सगळ्यांना सारखाच. मॅनेजरच्या टेबलावर मात्र कामगारानं लिहिलेला अर्ज येतो, ग्रामपंचायतीचं पत्र येतं, अपघातानंतर पोलिस ठाण्यातला जबाब येतो, कामगार खात्याची नोटीस येते, आणि हे बहुतेक कानडीत असतं. शेजारच्या क्लार्ककडून वाचून घेणं वर्षभर चालेल. पण ज्या दिवशी तक्रार त्या क्लार्कच्याच भावकीतल्या माणसाबद्दल असेल त्या दिवशी चालणार नाही. सही करायचा कागद स्वतः वाचता आला पाहिजे, यात भाषेच्या वादाचा काही संबंध नाही. मराठी शाळेतून आलेल्या माणसाला लिपी जमायला काही महिने पुरतात, कारण बोली कानात आधीच असते. मॅनेजर व्हायचं ठरलं तर हे पहिल्या दिवसापासून सुरू करा. नाही ठरलं तरी केलंत तर बिघडत नाही.

आणखी एक गोष्ट विचारून घ्या, जी बरेच जण विचारत नाहीत. सरकारदरबारी ‘फॅक्टरी मॅनेजर’ म्हणून नाव कुणाचं जाणार? १९४८ च्या कारखाना कायद्यापासून भोगवटादाराबरोबर मॅनेजरही सुरक्षेला जबाबदार धरला जात आलाय. भट्टीत ओलं भंगार पडून धातू उसळला, कुणी भाजलं, तर पहिली विचारणा त्या नावाकडे येते. नाव तुमचं असेल तर सुरक्षेसाठी लागणारा खर्च मालकांना न विचारता करायचा अधिकारही तुमच्याकडे लेखी हवा. नुसतं नाव तुमचं आणि चेकबुक त्यांचं, हा सौदा घेऊ नका.

आता राहण्याबद्दल. तुमची अडकून पडण्याची भीती खोटी नाही. मोठ्या कंपन्यांत तज्ज्ञांसाठी वेगळी शिडी असते, पदनामं असतात, मॅनेजरच्या बरोबरीचे पगार असतात. उद्यमबाग, मच्छे, होनगा, काकती इथल्या मधल्या आकाराच्या फौंड्रीत ती शिडी कागदावर नसते. सुपरवायझर, इंजिनिअर, मॅनेजर, मालक, एवढ्याच पायऱ्या. त्यामुळे ‘मी टेक्निकलमध्येच राहतो’ असं नुसतं म्हणालात तर आज आहे त्याच पायरीवर राहाल, आणि पाच वर्षांनी बाहेरून आलेला तिशीतला मॅनेजर तुम्हाला ट्रायलसाठी बॉक्स द्यायचे की नाही ते ठरवेल. शिडी तुम्हालाच बनवून घ्यावी लागेल.

तिच्यात मी पदनामाला सगळ्यात कमी महत्त्व देतो. ‘चीफ मेथड्स इंजिनिअर’ अशी पाटी फुकट मिळते. मागायचं ते हे, की तुम्ही प्रॉडक्शनच्या हाताखाली नाही, थेट प्लांट हेड किंवा मालकांच्या हाताखाली. कारण प्रॉडक्शनचं माप टनेज, तुमचं माप चांगला नग; एकाच्या हाताखाली दुसरा दिला की महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात काय होतं हे तुम्ही १४ वर्षं बघताय. दुसरं म्हणजे तुमच्या सहीशिवाय नवा पॅटर्न रेग्युलरला जाणार नाही. सॅम्पल पास झालं नसताना ‘गिऱ्हाईक ओरडतंय, ओता’ म्हणणाऱ्याला थांबवता आलं नाही तर तज्ज्ञपणाचा उपयोग रिजेक्शनचा अहवाल लिहिण्यापुरताच उरतो. तिसरं, ट्रायलसाठी महिन्याला ठरावीक धातू आणि बॉक्स, जे प्रॉडक्शनच्या आकड्यात धरले जाणार नाहीत. आणि हाताखाली एक मुलगा किंवा मुलगी, बेळगावच्याच कॉलेजातून आलेली चालेल, जिला तुम्ही तयार कराल. हे शेवटचं मालकांना सगळ्यात पटतं, कारण सगळी मेथड एकाच डोक्यात असण्याची धास्ती त्यांनाही असते.

पगार मागताना भावनेवर बोलू नका, कागद घेऊन जा. वरच्याच हबचं उदाहरण घेतो; आकडे ढोबळ आहेत, तुमच्या कॉस्टिंगमधले तुम्ही घाला. परत आलेला नग भंगारात जातो आणि धातू पुन्हा वितळतो, म्हणून नुकसान पूर्ण किमतीचं नसतं. वीज, वाळू, मॅग्नेशियम, मजुरी मिळून किलोला ३० रुपये धरा, म्हणजे नगाला ७८०. वर गिऱ्हाईक मशिनिंग आणि भाड्याचा डेबिट टाकतं, तो २२० धरला की नगामागे हजार. रिजेक्शन आठवरून पाचवर आलं म्हणजे महिन्याला १८० नग वाचले, एक लाख ८० हजार रुपये. हा फक्त मेथडिंगचा वाटा. पुढचे अडीच टक्के मॅनेजरच्या खात्यात टाका, ते तुमचे म्हणून दाखवलेत तर मालक तिथेच हसतील.

यील्डचा, म्हणजे ओतलेल्या धातूतला किती चांगला माल झाला याचा, हिशेब याहून स्वच्छ असतो, कारण त्यात वाटेकरी कमी. चांगला माल १५६ टन द्यायचा आणि यील्ड ५८ टक्के असेल तर २६९ टन धातू ओतावा लागतो. ६४ टक्के केलीत तर २४४. पंचवीस टन कमी वितळले. टनाला सहाशे युनिट आणि युनिटला साडेसात रुपये धरले तर महिन्याला लाख-सव्वालाखाची वीज. असे दोन-तीन पार्ट वर्षाचा हिशेब करून एका पानावर मांडले की मॅनेजरइतका पगार मागणं हा उद्धटपणा वाटत नाही. पण वाचवलेल्या रकमेत टक्केवारी मागू नका. मालाचं मिश्रण बदलतं, अवघड पार्ट आला की रिजेक्शन चढतं, आणि मग आकडा कुणी मोजायचा यावरून मालकांशी संबंध बिघडतात. पक्का पगार घ्या आणि वर्षातून एकदा त्या पानावर बसून बोला.

पन्नाशीचा विचार दोन्ही बाजूंनी करा. प्रॉडक्शन मॅनेजरची किंमत त्याच्या कारखान्यातल्या माणसांच्या ओळखीत असते. कुणाला काय सांगितलं की ऐकतो, कुठला कंत्राटदार शब्दाचा पक्का आहे, हे सगळं कारखाना बदलला की शून्यावर येतं. शिवाय त्या पदाच्या मोठ्या जागा पुणे-चाकण किंवा कोइमतूरकडे, म्हणजे बिऱ्हाड हलवणं आलं. पण तो प्लांट हेड झाला तर पगार तज्ज्ञाच्या पुष्कळ पुढे जातो, हे मान्य करायला हवं. मेथडिंगवाल्याची विद्या त्याच्याबरोबर चालते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सांगली, इकडे हुबळी, हा सगळा पट्टा ओतकामाचा आहे आणि बेळगावच्या घरून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या अंतरात आहे.

मात्र विद्या चालायला ती एका कारखान्यापुरती नसावी लागते. तपासायचं तर दुसऱ्या फौंड्रीतल्या ओळखीच्या माणसाला त्याचा एखादा अडलेला पार्ट मागा, तोही शक्य तर ग्रे किंवा स्टीलचा. नुसत्या ड्रॉइंगवरून आणि कापलेल्या नगावरून तुम्हाला त्याला काही उपयोगाचं सांगता येतं का बघा. फक्त आपल्याच वाळूत, आपल्याच पॅटर्नवर चालणारं ज्ञान असेल तर तुम्ही तज्ज्ञ नाही, त्या कारखान्याचे जुने माणूस आहात, आणि अडकून पडण्याची भीती तेव्हा खरी ठरते. अशा वेळी पुढची दोन वर्षं सिम्युलेशन हातानं चालवायला शिकणं, रेडिओग्राफीच्या फिल्म स्वतः वाचणं, फौंड्रीमेनच्या इन्स्टिट्यूटच्या बैठकांना नुसतं जेवायला न जाता आपली केस मांडणं, यात घाला. नव्या अटींत या शिक्षणाचा खर्चही घालता येतो.

मालकांशी बोलताना ‘मला नको’ने सुरुवात करू नका. ते आपल्या मुलासारखं मानून हे देतायत असं त्यांना वाटत असणार, आणि आपल्याकडे नकार मनाला लागतो. आधी ते हिशेबाचं पान ठेवा, मग सांगा की साहेब, मी त्या खुर्चीत बसलो तर हे काम कोण करणार. मग अटी. बोलणं झाल्यावर त्याच संध्याकाळी ठरलेलं चार ओळींत लिहून पाठवा, ‘आज बोलल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून. उत्तर आलं नाही तरी ते लिहिलेलं राहतं. ते म्हणतील, ठीक आहे, मग बाहेरून माणूस आणतो. त्यावर हरकत घेऊ नका, फक्त मुलाखतीला बसायला मागा. आणि आलेल्या प्रत्येकाला मॅग्नेशियमची टक्केवारी विचारायची गरज नाही. रात्री दोन वाजता लेडल पंधरा मिनिटं थांबलंय, ओतणाऱ्याचा इन्सेंटिव्ह बॉक्सवर आहे, आता तो काय करेल आणि तुम्ही काय कराल, एवढंच विचारा. जो ओतणाऱ्याला मेमो द्यायची गोष्ट आधी काढेल, त्याच्याबरोबर तुम्हाला पुढची दहा वर्षं काढायची आहेत हे लक्षात ठेवून मालकांना आपलं मत सांगा.